रात्री ११.३० चा कॉल सकाळी ७ ला आणता येतो

प्रश्न : मी वाकडला राहतो, वय ३८. टेक लीड आहे आणि क्लायंट कॅलिफोर्नियातला. त्यांचा स्टँडअप रोज त्यांच्या सकाळी १० ला, म्हणजे आपल्याकडे रात्री १०.३० ला, आणि हिवाळ्यात ११.३० ला. अर्ध्या तासाचा कॉल तासभर चालतो, मग मिनिट्स, जिरा, दोन-चार मेसेज. उन्हाळा असो की हिवाळा, झोपायला १.३० वाजतातच. मुलीची स्कूलबस ६.५० ला, म्हणून ६ ला उठतो, आणि १० ला ऑफिसात हजर. बायको बँकेत आहे, आमचं बोलणं बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच होतं. शनिवार-रविवारी ११ पर्यंत झोपतो, तरी रविवारी रात्री कॉल नसताना २ पर्यंत डोळा लागत नाही. मॅनेजर म्हणतो, क्लायंटकडे वेळेचा विषय काढू नकोस. मेलाटोनिनच्या गोळ्या घेऊ का? की नोकरीच बदलू?

— एक वाचक

उत्तर :

नमस्कार,

नोकरी इतक्यात बदलू नका आणि गोळीही इतक्यात घेऊ नका. मी अनेक वर्षं अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर डिलिव्हरीचं काम केलं आहे. तुमचं पत्र वाचताना वाटलं, की तुमच्या त्रासाचा मोठा भाग एका कॉलच्या जागेमुळे आहे आणि ती जागा बदलता येण्यासारखी आहे. पण ती मागायची तर आधी दोन्हीकडच्या घड्याळांचा हिशेब तुम्हाला तोंडपाठ हवा. मॅनेजरसमोर ‘झोप होत नाही’ म्हणून बसण्यापेक्षा दुसरी वेळ हातात घेऊन बसलेलं बरं.

आपलं घड्याळ वर्षभर जागेवर असतं, त्यांचं वर्षातून दोनदा हलतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये ते १ नोव्हेंबरला मागे येईल आणि २०२७ मध्ये १४ मार्चला पुन्हा पुढे जाईल. त्यामुळे पुणे आणि कॅलिफोर्नियातलं अंतर उन्हाळ्यात साडेबारा तासांचं असतं आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचं. ऑफिसात याचा अर्थ सगळे एकच काढतात, की हिवाळा आला, कॉल तासभर उशिरा. पण तोच एक तास दुसऱ्या टोकाला आपल्या फायद्याचा होतो, तिकडे कोणी बघत नाही.

हिशेब करून बघा. हिवाळ्यात पुण्यात सकाळचे ७ वाजलेले असतात तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, ५.३० ची. माणसं अजून लॅपटॉपसमोर असतात, दिवसभराचं काम त्यांच्या डोक्यात ताजं असतं. उन्हाळ्यात मात्र आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचे संध्याकाळचे ६.३०, आणि तेव्हा त्यांना घरची घाई असते. आता उलट बाजू बघा. उन्हाळ्यात आपल्या रात्री ८.३० ला तिकडे सकाळचे ८ वाजलेले असतात. आठवड्यातून दोनदा ८ ला कॉलवर येणं बहुतेकांना जमतं. हिवाळ्यात आपले ८.३० म्हणजे त्यांचे सकाळचे ७, आणि त्या वेळेला कोणी होकार देणार नाही.

म्हणून वर्षाचे दोन भाग करायचे. मार्च ते नोव्हेंबर कॉल आपल्या रात्री ८.३० ला, नोव्हेंबर ते मार्च आपल्या सकाळी ७ ला. मुलीची बस ६.५० ला गेली की ७ ला तुम्ही घरून कॉलवर. ज्या महिन्यांत आत्ता तुमची सगळ्यात वाईट अवस्था असते, त्या महिन्यांत रात्रीचा कॉलच उरत नाही.

यात एक मेख आहे. सकाळच्या कॉलला वार सरकतो. आपली सोमवार सकाळ म्हणजे त्यांची रविवार संध्याकाळ, तेव्हा कॉल होणार नाही. आपली शनिवार सकाळ ही त्यांची शुक्रवार संध्याकाळ, तेव्हा तो तुम्हाला नको. म्हणजे मंगळवार ते शुक्रवार या चारच सकाळी हाताशी राहतात, आणि रोजचा कॉल जसाच्या तसा सकाळी नेता येत नाही. हे आधीच बोलून घेतलं नाही, तर पहिल्याच सोमवारी कोणी तरी ‘आजचा कॉल कुठे आहे’ म्हणून विचारेल आणि आठवड्याभरात सगळं पुन्हा रात्री ११.३० वर येऊन बसेल.

तेव्हा खरा प्रश्न असा, की तुम्हाला आठवड्याचे पाच कॉल लागतात का? मला तसं वाटत नाही, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. पुढचे दोन आठवडे प्रत्येक कॉलनंतर तीनच गोष्टी टिपून ठेवा : त्या कॉलमध्ये असा एखादा निर्णय झाला का जो लिहून झाला नसता, तो कोणी घेतला, आणि तुम्ही स्वतः किती मिनिटं बोललात. मी टीम्सकडून हे करून घ्यायचे तेव्हा साधारण एकच चित्र दिसायचं. बहुतेक कॉल हे ‘काल काय केलं, आज काय करणार’ याचं वाचन असायचे, आणि निर्णय होत ते आठवड्यातल्या एक-दोन कॉलमध्ये, तेही त्यांच्या बाजूची प्रॉडक्ट ओनर हजर असली तरच. तुमच्या नोंदीत असंच दिसलं तर आठवड्याला दोन कॉल पुरतात. वार त्यांचे मंगळवार आणि गुरुवार धरा. उन्हाळ्यात ते आपल्याकडेही मंगळवार आणि गुरुवार रात्री ८.३० ला येतील, हिवाळ्यात बुधवार आणि शुक्रवार सकाळी ७ ला. उरलेल्या तीन दिवसांचं काम लेखी नोंदीवर चालवायचं.

ही लेखी नोंद नीट जमली तरच सगळं टिकतं, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर. रोज संध्याकाळी ७ च्या आत टीमकडून क्लायंटला एक हँडओव्हर नोट जायला हवी. ‘अमुक तिकीट इन प्रोग्रेस’ ही नोट नव्हे, ते त्यांना बोर्डवर दिसतंच. नोटचा खरा उपयोग अडलेल्या प्रश्नासाठी आहे. समजा सोमवारी दुपारी ३ ला तुमचा डेव्हलपर अडला : ग्राहकाने ऑर्डरमधली एकच वस्तू परत केली, तर त्या ऑर्डरला लावलेल्या कूपनचं काय करायचं? आज काय होतं ते बघा. तो प्रश्न रात्री १०.३० च्या कॉलपर्यंत थांबतो. तिथे प्रॉडक्ट ओनर म्हणते, फायनान्सला विचारून सांगते. उत्तर येतं मंगळवारच्या कॉलमध्ये. म्हणजे रोज कॉल असूनही दीड दिवस गेला आणि डेव्हलपर मंगळवारभर दुसरं काही तरी करत बसला.

तोच प्रश्न सोमवारी संध्याकाळी ७ ला असा लिहून गेला असता तर :

“अर्धवट रिफंडमध्ये कूपनची रक्कम परत द्यायची की नाही, हे स्टोरीत लिहिलेलं नाही. दोन पर्याय आहेत. पहिला, कूपन ग्राहकाच्या खात्यावर पुन्हा टाकणं. दुसरा, कूपन वापरलं गेलं असं धरणं. आम्हाला दुसरा योग्य वाटतो, कारण पहिल्यासाठी कूपन सर्व्हिस बदलावी लागेल आणि ते या स्प्रिंटमध्ये बसत नाही. तुमच्या सोमवारी दुपारी १२ पर्यंत उत्तर आलं नाही, तर आमच्या मंगळवारी सकाळी आम्ही दुसऱ्या पर्यायावर काम सुरू करू. नंतर निर्णय बदलला तर एक दिवसाचं काम वाढेल.”

ती सकाळी ९ ला कामाला बसते, उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ९.३० झालेले असतात. ती नोट वाचते, फायनान्सला विचारते, तिच्या दुपारी १२ च्या आत उत्तर टाकते. आपल्याकडे तेव्हा १२.३० झालेले असतात आणि तुम्ही झोपलेले असता. मंगळवारी सकाळी डेव्हलपर येतो तेव्हा उत्तर समोर असतं. लिहिलेला प्रश्न कॉलपेक्षा एक दिवस लवकर सुटला, आणि क्लायंटला पटतं ते हेच.

या नोटचा जीव शेवटच्या दोन वाक्यांत आहे. उत्तर आलं नाही तर आम्ही काय धरून पुढे जाऊ आणि ते चुकलं तर किती भुर्दंड पडेल, हे लिहिलं नाही तर नोट नुसती वाट बघायला लावते. आपल्याकडच्या मुलांना हे लिहिताना अवघड वाटतं, क्लायंटला ‘आम्ही असं करू’ म्हणणं आगाऊपणाचं वाटतं. सुरुवातीचे काही दिवस नोट तुम्ही स्वतः वाचून मग पाठवा. मात्र जिथे ग्राहकाचे पैसे कापले जाणार आहेत, डेटा पुसला जाणार आहे किंवा सिक्युरिटीचा प्रश्न आहे, तिथे असं काही धरून पुढे जायचं नाही. तिथे उत्तर येईपर्यंत थांबायचं, किंवा त्या एका विषयासाठी वेगळा कॉल मागायचा.

आता तुमचे मॅनेजर. ‘विषय काढू नकोस’ यामागे बहुधा एवढंच असतं, की आपण मागितलं तर क्लायंट नाराज होईल आणि पुढच्या रिन्यूअलला ते बाहेर येईल. ही भीती खोटी नाही, ती धरूनच बोला. पहिल्यांदा कराराची, म्हणजे एसओडब्ल्यूची, प्रत मागा आणि त्यात ओव्हरलॅपबद्दल काय लिहिलंय ते बघा. पुष्कळदा तिथे फक्त दिवसाला इतके तास ओव्हरलॅप असं असतं, घड्याळातली वेळ नसते. १०.३० ही वेळ प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हा कोणी तरी कॅलेंडरमध्ये टाकलेली असते आणि तो माणूस आता प्रोजेक्टवर नसतोही. करारात वेळ लिहिलेली असेल तर गोष्ट वेगळी, मग बदल तुमच्या मॅनेजरच्या वरूनच व्हावा लागेल.

मग मॅनेजरना सांगा, की कायमचा बदल नको, दोन स्प्रिंट करून बघू. तुमचे स्प्रिंट दोन आठवड्यांचे असतील तर चार आठवडे झाले. एकच आकडा मोजायचा : चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ उत्तराविना पडून राहिलेले प्रश्न किती. आधीच्या चार आठवड्यांचा हा आकडा जिरावरून काढता येतो, तो आधी काढून ठेवा. बदलानंतर तो कमी झाला किंवा तेवढाच राहिला तर पुढे चालू, वाढला तर परत जुन्या वेळेवर. क्लायंटला मेल मॅनेजरच्या नावानेच जाऊ दे आणि त्यात तुमच्या झोपेचा उल्लेख नको. तुमची झोप महत्त्वाची नाही असं नव्हे. पण तो मुद्दा दिसला की समोरचा माणूस सहानुभूती दाखवतो आणि निर्णय पुढे ढकलतो. उत्तरं लवकर मिळतील, रोजच्या कॉलचे तीन दिवस तुमचेही वाचतील, असं लिहिलं की त्याला हो किंवा नाही म्हणता येतं.

होकार आला की जुन्या कॅलेंडर इन्व्हाइटची वेळ बदलत बसू नका, तो रद्द करून दोन नवे करा. जुना इन्व्हाइट `Pacific Time (US & Canada)` वर बांधलेला असणार, म्हणूनच दर नोव्हेंबरला त्यांची वेळ जागेवर राहते आणि आपली सरकते. उन्हाळ्याच्या मालिकेला ऑक्टोबरअखेरची शेवटची तारीख द्या, हिवाळ्याची मालिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर सुरू करून मार्चच्या दुसऱ्या रविवारआधी संपवा. एकाही मालिकेच्या काळात घड्याळ बदलतच नसल्यामुळे कोणाचाच कॉल आपोआप सरकणार नाही. आणि स्वतःच्या कॅलेंडरमध्ये रात्री ९.३० ते सकाळी ६.३० रोज ‘बिझी’ टाकून ठेवा. तिकडच्या माणसाला तुमची रात्र दिसत नाही, त्याला फक्त रिकामा चौकोन दिसतो.

हे सगळं होऊनही एक गोष्ट हळूच परत येते, ती म्हणजे ‘क्विक सिंक’. ११ ला मेसेज येतो, पाच मिनिटं आहेत का? तुम्ही ऑनलाइन दिसता म्हणून येतो. टीम्सच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये शांत तास लावून टाका. प्रॉडक्शन बंद पडलं तर मात्र फोन वाजलाच पाहिजे, त्यासाठी टीममधल्या नावांची आठवड्यागणिक पाळी लावा आणि ती क्लायंटला लेखी द्या. पाळी नसली की जो जागा दिसतो त्यालाच फोन येतो, आणि आज तो माणूस तुम्ही आहात.

आता झोप. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात बोलकं वाटलं ते रविवार रात्रीबद्दलचं वाक्य. कॉल नसताना झोप येत नाही याचं कारण रविवार सकाळी आहे. सोमवार ते शुक्रवार तुम्ही १.३० ते ६ झोपता, म्हणजे झोपेचा मध्य पहाटे ३.४५ ला येतो. सुट्टीच्या दिवशी २ ते ११ झोपता, तेव्हा मध्य ६.३० ला येतो. पावणेतीन तासांचा फरक. इस्तंबूल आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तुमचं शरीर दर शुक्रवारी रात्री तिकडे जातं आणि सोमवारी पहाटे ६ ला त्याला ओढून परत आणलं जातं. शरीराचं घड्याळ लावण्याचं मुख्य काम सकाळचा उजेड करतो. तो उजेड तुम्ही ११ नंतर पाहिलात, तर त्या रात्री झोपेची तयारीही उशिरानेच सुरू होणार.

म्हणून कॉल हलायच्या आधीच, या शनिवारपासून करण्यासारखी गोष्ट अशी, की सुट्टीच्या दिवशी ८ च्या पुढे झोपायचं नाही. आठवड्याची थकबाकी सकाळी न फेडता रात्री फेडायची, म्हणजे शनिवारी ११ लाच आडवं व्हायचं. पहिला आठवडा-दोन आठवडे पडल्यावर झोप येणार नाही, त्याने गडबडून जाऊ नका. उठल्यावर अर्धा तास गच्चीत किंवा सोसायटीच्या बागेत, उघड्यावर काढा, खिडकीशी बसून तेवढा उजेड मिळत नाही. झोपेवर काम करणाऱ्यांनी पूर्वीच दाखवून दिलं आहे, की वेळा वेड्यावाकड्या असल्या तरी रोज निदान चार तासांचा एक तुकडा ठरलेल्या वेळीच झोपलं, तर शरीराचं घड्याळ बऱ्यापैकी जागेवर राहतं. तुमच्यासाठी तो तुकडा पहाटे २ ते ६. सातही दिवस त्या चार तासांत तुम्ही झोपलेले असलात पाहिजे. ही पूर्ण झोप नव्हे, प्रौढ माणसाला सात तास तरी लागतातच. पण कॉल हलेपर्यंत एवढा आधार पुरे.

कॉलच्या आधी चहा किंवा कॉफी होत असेल तर ती बंद करा. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री १० ला घेतलेल्या कपातलं निम्मं ३ वाजता अंगात असतं. शेवटचा चहा ५ ला घ्या. मिनिट्स कॉल संपल्यावर लिहू नका, कॉल चालू असतानाच स्क्रीन शेअर करून सगळ्यांसमोर लिहा आणि संपताना पाठवून टाका. तुमच्या हिशेबात उन्हाळ्यात ११.३० ते १.३० हे जे दोन तास जातात, त्यातला मोठा भाग असा नंतरच्या कामाचा आहे, आणि तो कमी करायला कोणाची परवानगी लागत नाही.

मेलाटोनिनबद्दल. ती नेहमीच्या अर्थाने झोपेची गोळी नाही. मेंदू ते संप्रेरक रात्र झाल्याची खूण म्हणून स्वतःच तयार करतो आणि नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी दोनेक तासांपासून ते वाढायला लागतं. प्रखर उजेडात ते दबतं. गोळीने घड्याळ थोडं सरकवता येतं, पण कोणत्या बाजूला सरकेल हे ती किती वाजता घेतली यावर ठरतं, आणि अवेळी घेतली तर उलटं होतं. सुट्टीचं ११ पर्यंत झोपणं चालू ठेवून गोळी घेतलीत तर हाती काही लागणार नाही. आधी वर लिहिलेलं महिनाभर करा. त्यानंतरही कॉल नसलेल्या रात्री तासभर तळमळत असाल, किंवा घोरता घोरता श्वास थांबतो असं बायकोच्या लक्षात आलं असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि गोळीचं त्यांनाच विचारा. आणि हिंजवडीच्या सिग्नलला गाडीत डोळा लागत असेल, तर महिनाभर थांबू नका. त्या दिवसापासून कॅब किंवा कंपनीची बस. यात तडजोड नको.

घरचं. ऑफिसात काय चाललंय आणि काय मागणार आहात ते बायकोला आधी सांगा, ठरल्यावर नव्हे. दोन स्प्रिंटच्या काळात सकाळचं वेळापत्रक तिचंही बदलणार आहे. सध्या आठवड्यातल्या दोन सकाळी, समजा बुधवार आणि शुक्रवार, मुलीला बसपर्यंत सोडणं तिने घेतलं तर त्या दोन दिवशी तुम्हाला ७.१५ पर्यंत झोपता येईल. पण तिलाही बँकेची वेळ गाठायची असते, म्हणून त्या बदल्यात उरलेल्या तीन सकाळी डब्यासकट पूर्णपणे तुमच्या. ‘मदत करीन’ असं मोघम ठेवू नका, वार ठरवा. नव्या वेळा लागू झाल्या की उन्हाळ्यातल्या मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिसातून ५.३० ला निघायचं आणि ७.४५ ला तिघांनी जेवायला बसायचं. कॉल ९.१५ ला संपेल, आणि तुमची रात्र ११ च्या आत संपू शकेल.

क्लायंट ठाम नाही म्हणाला तर? मग कॉल रात्री राहू दे, पण सकाळी १० ची हजेरी सुटली पाहिजे. सकाळी १० ते रात्री ११.३० असा दोन टोकांना ताणलेला दिवस कोणालाही झेपत नाही. उन्हाळ्यात दुपारी २ ते रात्री ११.३०, हिवाळ्यात दुपारी ३ ते रात्री १२.३०, आणि कॉलच्या दिवशी संध्याकाळी घरून काम, अशी अधिकृत वेळ मॅनेजरकडून मेलवर घ्या. तोंडी घेतलेली सवलत मॅनेजर बदलला की जाते.

आणि तेही मिळालं नाही तर कंपनी सोडण्याआधी कंपनीतल्याच युरोपच्या प्रोजेक्टची चौकशी करा. लंडनचा सकाळी ९.३० चा स्टँडअप आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी २ ला येतो आणि हिवाळ्यात ३ ला. अशा बदलीला बहुतेक वेळा एकच गोष्ट आडवी येते, ‘तुझ्या जागी कोण?’ त्यासाठी टीममधल्या एखाद्या सीनियरला आतापासूनच आठवड्यातला एक कॉल एकट्याने चालवू द्या. तुम्ही त्या कॉलवर नसलात तरी चालतं हे क्लायंटला दिसलं, की बदली सोपी होईल, आणि बदली नाही झाली तरी आठवड्यातली एक रात्र तुम्हाला मिळालेली असेल.